फोटोतला बीम आणि डी पाशी वळलेला बाण

प्रश्न: सर, वहीतल्या आकृतीचा फोटो पाठवलाय. सहा मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम आहे, ए आणि बी हे टोकांचे टेकू. ए पासून तीन मीटरपर्यंत सारखा पसरलेला १२ किलोन्यूटन प्रति मीटरचा यूडीएल, चार मीटरवर सी ला २० किलोन्यूटनचा तिरका लोड आणि पाच मीटरवर डी ला २० चा वळलेला बाण. मला ए ची रिॲक्शन १३.६७ आणि बी ची ३२.३३ किलोन्यूटन येते. बेरीज ४६, म्हणजे बरोबर एकूण लोडाएवढी. पण पुस्तकात मागं उत्तर २७ आणि १९ दिलंय. बेरीज जुळते, मग चुकलं कुठं?

उत्तर:

चूक डी पाशी आहे. तिथला २० चा वळलेला बाण म्हणजे कपल, आणि त्याला तू ५ मीटरनं गुणलंस. तुझी आकडेमोड फोटोत नाही, तरी तुझ्या उत्तरावरूनच ते कळतं. बी ची रिॲक्शन ३२.३३ गुणिले स्पॅन ६ म्हणजे १९४. यूडीएलचा ए भोवतीचा मोमेंट ५४ आणि तिरक्या लोडचा ४०, मिळून ९४. उरले १००, आणि त्या आकृतीत १०० एकाच मार्गानं येतात, २० गुणिले ५. उत्तर चुकलं की आधी ते स्पॅननं परत गुणून बघायची मला जुनी सवय आहे. चूक बहुतेक वेळा तिथंच उघडी पडते.

पण नुसतं एवढं सांगून थांबलो तर पुढच्या आकृतीत दुसरीच चूक होईल, कारण या फोटोत घसरायच्या आणखी चार जागा आहेत. त्यातल्या तीन तू नीट पार केल्यास, बहुधा नकळत. म्हणून मी फोटो कसा वाचला तिथून सुरुवात करतो.

फोटो उजवीकडून तिरका घेतलाय. त्यामुळे डावीकडचा तीन मीटरचा भाग दिसायला उजवीकडच्या तीन मीटरपेक्षा बराच लहान झालाय, आणि सी हा बिंदू बीमच्या जवळजवळ मध्यावर असल्यासारखा वाटतो. डोळ्यांनी अंतर घ्यायचंच नाही. वहीतली आकृती मुळातच प्रमाणात नसते, त्यात कॅमेऱ्यानं ती आणखी वाकडी केलेली असते. फक्त लिहिलेले आकडे खरे. खालच्या माप-रेषेवर ३, १, १, १ असे चार आकडे आहेत आणि त्यांच्याखाली एकूण ६. तुकड्यांची बेरीज एकूण मापाशी जुळते, म्हणजे एखादा १ हा ७ नाही किंवा कुठला तुकडा कापला गेलेला नाही याची खात्री झाली. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते पेन उचलायच्या आधी करायचं.

आता यूडीएल. बीमवरचा तो वळ्यावळ्यांचा पट्टा ए पासून निघतो आणि कुठंतरी सी च्या आसपास संपतो. पेनानं काढताना शेवटचं वळण थोडं पुढं सरकलंय, त्यामुळे तो तीन मीटरला संपतो की चारला, हे पट्टा बघून सांगता येत नाही. इथं बघायची ती खाली उतरणारी बारीक उभी रेषा, जी माप-रेषेला जाऊन मिळते. ती पहिल्या तुकड्याच्या शेवटी मिळते, म्हणजे पट्टा ३ मीटरचाच. तू ३ च घेतलेस, ते बरोबर.

सी वर तिरका बाण आहे, २० किलोन्यूटन, शेजारी ३० अंश. कोनाची छोटी कमान बाणापासून बीमपर्यंत गेलीय, म्हणून ३० अंश बीमशी. हीच कमान बाणापासून वरच्या उभ्या तुटक रेषेकडं गेली असती तर साइन आणि कोसाइनची अदलाबदल झाली असती. बाण डावीकडून वरून येतो आणि उजवीकडं खाली टोचतो. म्हणजे बीमवर खाली १० किलोन्यूटन आणि उजवीकडं १७.३२ किलोन्यूटन.

डी वर मात्र फोटोनं खरोखरच घात केलाय. "20 kN" एवढंच स्वच्छ दिसतं, पुढचं अक्षर वहीच्या शिलाईच्या घडीत गेलंय. एकक वाचून ठरवलं तर तो फोर्स वाटतो. पण बाण सरळ नाही, तो बीमभोवती वळलेला आहे. वळलेला बाण म्हणजे कपल, आणि कपलचं एकक किलोन्यूटन-मीटर. घडीत गेलेलं अक्षर "m" आहे हे बाणाच्या आकारावरून कळतं. तुझी गल्लत इथंच झाली असणार. गंमत अशी की तू त्याला अर्धा फोर्स आणि अर्धा कपल मानलंस. उभ्या फोर्सच्या बेरजेत तो धरला नाहीस, नाहीतर एकूण ६६ झाले असते. पण मोमेंट घेताना फोर्ससारखं त्याला अंतरानं गुणलंस. एकाच बाणाला एकाच गणितात दोन वेगळे नियम लागले.

टेकू राहिले. ए ला त्रिकोण आणि त्याखाली तिरक्या रेघा, म्हणजे हिंज. बी ला त्रिकोणाखाली दोन छोटी चाकं, म्हणजे रोलर. रोलर फक्त वर ढकलू शकतो, आडवा धरून ठेवू शकत नाही. हिंज दोन्ही करतो. कुठलाच टेकू बीमला वळण्यापासून अडवत नाही. म्हणून अज्ञात तीन: ए ची आडवी, ए ची उभी आणि बी ची उभी. समीकरणंही तीनच. हिशेब सुटतो.

यानंतर मी फोटो बाजूला ठेवतो आणि कोऱ्या कागदावर फ्री बॉडी डायग्राम काढतो. एक सरळ रेघ, टेकू पुसून त्यांच्या जागी बाण, यूडीएलच्या जागी एकच ३६ चा बाण ए पासून दीड मीटरवर (१२ किलोन्यूटन प्रति मीटर गुणिले ३ मीटर), आणि तिरक्या बाणाचे दोन तुकडे. यापुढं फोटोकडं बघायचं नाही. गणित करताना मधेच फोटोत डोकावलं की वेगळंच अंतर वाचलं जातं, असं मी माझ्या हाताखाली आलेल्या कितीतरी मुलांचं पाहिलंय.

ए भोवती मोमेंट, घड्याळाच्या दिशेला धन:

```
ΣM_A = 0
36×1.5 + 10×4 + 20 − 6·R_B = 0
54 + 40 + 20 = 114
R_B = 114 / 6 = 19 kN
```

सी चा आडवा १७.३२ यात नाही, कारण त्याची रेषा बीमच्या अक्षावरूनच जाते आणि ए मधूनही जाते. ए पासून त्याचं लंब अंतर शून्य. वीस हा आकडा मात्र एकटाच उभा आहे, त्याला कुठलंच अंतर चिकटलेलं नाही. तुझ्या मनात इथंच खरी शंका असेल, म्हणून थोडा थांबतो.

कपल म्हणजे मुळात दोन फोर्स. सारखेच, उलट दिशांचे, आणि एकमेकांपासून थोडे दूर. समज, डी च्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मीटरवर असे दोन बाण आहेत: ए पासून ५.५ मीटरवर २० किलोन्यूटन खाली आणि ४.५ मीटरवर २० किलोन्यूटन वर. आता ए भोवती मोमेंट काढ. खाली जाणाऱ्याचा ११० घड्याळाच्या दिशेनं, वर जाणाऱ्याचा ९० उलट. उरले २०. आता तीच जोडी उचलून सी वर ने, म्हणजे ४.५ वर खाली आणि ३.५ वर वर. ९० वजा ७०, पुन्हा २०. बी भोवती काढलास तरी २०. जोडी कुठंही सरकव, दोघांच्या अंतरातला फरक तोच एक मीटर राहतो आणि उत्तर तेच राहतं. आकृतीत २० लिहिलाय तो हा गुणाकार झाल्यावरचा आकडा आहे. तू त्याला पुन्हा ५ नं गुणलंस, म्हणजे अंतर दोनदा मोजलं गेलं.

कागदावर पटत नसेल तर घरी करून बघ. एक लांब फळी दोन डिजिटल वजनकाट्यांवर टेकव आणि दोन्ही काटे शून्यावर आण. फळीच्या कडेत आडवा बोल्ट आधीच आवळून ठेवलेला असू दे. त्यावर टी-पाना बसवून नळ पिरगाळावा तसा तो पिळ, पण खाली दाबायचा नाही की वर उचलायचा नाही. एका काट्यावर वजन वाढतं आणि दुसऱ्यावर तेवढंच उणे दिसतं. बोल्ट मधे असो की कडेला, तेवढ्याच पिळानं काटे तेवढेच हलतात. हात थोडा थरथरतो, आकडे नाचतात, तरी कल स्पष्ट कळतो. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात एका ओळखीच्या शेडमध्ये मी हे एकदा पोरांना दाखवलं, तेव्हा तिथला जुना फिटर म्हणाला, "पिळ हो तो, त्याला जागा नसते." मी आजवर वर्गात दिलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा हे वाक्य बरं होतं.

जागा नसते हे फक्त रिॲक्शनपुरतं खरं आहे, हेही लक्षात ठेव. पुढं बेंडिंग मोमेंट डायग्राम काढशील तेव्हा कपल जिथं आहे नेमकं तिथंच २० ची उडी येते. तो डी वरून सी वर नेला तर रिॲक्शन हलणार नाहीत, पण डायग्राम बदलेल.

आता उरलेली दोन समीकरणं पटकन:

```
ΣF_y = 0 :  R_Ay + 19 − 36 − 10 = 0   →  R_Ay = 27 kN
ΣF_x = 0 :  17.32 − R_Ax = 0          →  R_Ax = 17.32 kN, डावीकडे
```

तुझ्या उत्तरात आडवी रिॲक्शन कुठंच नाही. पुस्तकानं मागं फक्त उभे आकडे दिलेत म्हणून ती सोडू नकोस. परीक्षेत "सपोर्ट रिॲक्शन काढा" म्हटलं की ए ची पूर्ण रिॲक्शन अपेक्षित असते: २७ आणि १७.३२ मिळून सुमारे ३२.१ किलोन्यूटन, आडव्याशी साधारण ५७ अंशांनी, वर आणि डावीकडं झुकलेली.

आता तुझा मूळ प्रश्न, बेरीज जुळत असून उत्तर कसं चुकलं. तू ए ची रिॲक्शन काढलीस कशी? ४६ मधून ३२.३३ वजा करून. मग दोघांची बेरीज केलीस आणि ४६ आले. ते येणारच होते. बी ची रिॲक्शन तू १०० काढली असतीस तर ए ची उणे ५४ आली असती आणि बेरीज तरीही ४६ झाली असती. जे समीकरण उत्तर काढायला वापरलं, तेच तपासायला वापरलं तर ते नेहमीच हो म्हणतं. उसने घेतलेले पैसे त्याच माणसाकडून मोजून घेतल्यासारखं आहे ते.

खरी तपासणी म्हणजे न वापरलेलं समीकरण. इथं ते बी भोवतीचा मोमेंट:

```
ΣM_B :  27×6 + 20 − 36×4.5 − 10×2
     =  162 + 20 − 162 − 20 = 0
```

जुळलं. आता तुझे आकडे याच्यात घाल. १३.६७ गुणिले ६ म्हणजे ८२, त्यात २० मिळवले की १०२, वजा १८२, उरले उणे ८०. बीम फिरायला लागला! ते ८० म्हणजे तू जास्तीचे धरलेले १०० वजा २०, तेवढीच तुझी चूक.

इथं एक मजेची गोष्ट आहे. समज, तू बी भोवती मोमेंट घेतानाही तीच चूक केलीस आणि कपलला डी ते बी या अंतरानं गुणलंस. ते अंतर १ मीटर आहे. २० गुणिले १ म्हणजे २०, आणि ए ची रिॲक्शन २७ येते, अगदी पुस्तकातली. चुकीच्या पद्धतीनं बरोबर उत्तर. एका बाजूनं २७ आणि दुसऱ्या बाजूनं ३२.३३ आले असते, बेरीज ५९.३३ झाली असती आणि तू तिथंच दचकला असतास. म्हणून मी सांगतो की दोन्ही रिॲक्शन मोमेंटनंच काढा, एकदा ए भोवती आणि एकदा बी भोवती, आणि उभ्या फोर्सची बेरीज तपासणीसाठी राखून ठेवा. काम एका ओळीनं वाढतं, पण मग ती बेरीज खरंच काहीतरी सांगते.

त्याआधीही एक अंदाज करता येतो, पेनाशिवाय. दोन माणसं बांबूला पोतं अडकवून खांद्यावर नेतात तेव्हा पोतं ज्याच्या जवळ त्याला जास्त जड लागतं. ३६ चं ओझं ए पासून पाव स्पॅनवर आहे, म्हणजे तीन हिस्से ए चे आणि एक बी चा: २७ आणि ९. दहाचं ओझं दोन-तृतीयांश स्पॅनवर, म्हणजे ए ला ३.३३ आणि बी ला ६.६७. कपल नसता तर ए ३०.३३ आणि बी १५.६७. कपल घड्याळाच्या दिशेचा आहे, तो बीमचं उजवं टोक खाली दाबायला आणि डावं उचलायला बघतो. म्हणून बी वर २० भागिले ६, म्हणजे ३.३३ वाढतात आणि ए वर तेवढेच कमी होतात. २७ आणि १९. मोठं ओझं ए कडं असताना तुझ्या उत्तरात बी ला ए च्या दुपटीहून जास्त भार आला. एकट्या कपलनं जवळजवळ १७ किलोन्यूटन इकडचे तिकडं नेले असं त्याचा अर्थ होतो. सहा मीटर स्पॅनवर २० चा कपल ते करूच शकत नाही. इथंच शंका यायला हवी होती.

बाणाचं टोक फोटोत पुसट असेल आणि कपलची दिशा कळत नसेल, तर याच ३.३३ चा उपयोग होतो. उलट दिशेचा कपल धरला तर ए ३३.६७ आणि बी १२.३३ होतात. दोन्ही उत्तरं लिही आणि ज्यानं आकृती काढली त्याला विचार. अंदाजानं दिशा ठरवायची नाही.

आता जरा कडू गोष्ट. वरच्या सगळ्या तपासण्या आकडेमोडीच्या चुका पकडतात. वाचनाच्या चुका पकडत नाहीत. समज, तू पट्ट्याचं शेवटचं वळण बघून यूडीएल ४ मीटरचा धरला असतास. मग लोड ४८, ए पासून २ मीटरवर. ए भोवती ९६ अधिक ४० अधिक २० म्हणजे १५६, बी ची रिॲक्शन २६. ए ची ३२. बेरीज ५८, एकूण लोडही ५८. बी भोवती तपास: १९२ अधिक २० वजा १९२ वजा २०, बरोबर शून्य. प्रत्येक समीकरण समाधानी, आकडेही छान पूर्णांक, आणि उत्तर साफ चूक. समीकरणांना फोटो दिसत नाही, तू त्यांना सांगितलेलाच बीम दिसतो. पूर्णांक आले की बरोबर असणार, हा समज तर आधी डोक्यातून काढून टाक.

तुझ्याकडं पुस्तकातलं उत्तर आहे म्हणून एक सोय आहे. वाचनाबद्दल शंका असेल तिथं दोन्ही अर्थ लावून बघता येतात. तीस अंश उभ्या रेषेपासून धरले तर सी चा उभा भाग १७.३२ होतो, बी २३.८८ आणि ए २९.४४ येते. पुस्तकाशी जुळत नाही, म्हणून कोन बीमशीच. पण साइटवर मागच्या पानावर उत्तर नसतं.

माझंच सांगतो. प्रॅक्टिस नवीन होती तेव्हा एका वर्कशॉपच्या प्लॅटफॉर्मच्या बीमची आकृती मोबाइलवर फोटोनं आली. मी राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून रिॲक्शन काढल्या, दोन्ही बाजूंनी तपासल्या, टेकूखालच्या प्लेटचं माप देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेशनवाल्याचा फोन: "सायेब, भिंतीच्या भाईर गेलेला तुकडा धरलासा न्हवं?" फोटोची उजवी कड कापली गेली होती. बीम टेकूवर संपत नव्हता, सव्वा मीटर पुढं बाहेर आला होता आणि त्यावरही लोड होता. बाहेर आलेल्या तुकड्यावरचा लोड जवळचा टेकू जास्त दाबतो आणि लांबचा टेकू हलका करतो, म्हणजे माझ्या दोन्ही रिॲक्शन चुकल्या होत्या, आणि जवळच्या टेकूची तर कमी निघाली होती, म्हणजे धोक्याच्या बाजूला. प्लेट अजून कापली नव्हती म्हणून निभावलं. त्या फोटोत तुकड्यांची मापं होती, एकूण माप नव्हतं. ते नसल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून एकूण माप न दिसणारा फोटो मी परत पाठवतो, कुणी कितीही घाईत असलं तरी.

बीमचं स्वतःचं वजन तू धरलं नाहीस, ते ठीक. प्रश्नात सांगितलेलं नसेल तर धरत नाहीत. साइटवर धरावं लागतं, पण या आकड्यांपुढं ते छोटंच निघतं. ३०० मिलिमीटरचा आय सेक्शन मीटरला साधारण ४४ किलो भरतो. सहा मीटरला सुमारे २.६ किलोन्यूटन, प्रत्येक टेकूवर १.३.

आणि ही पद्धत कुठं अडते तेही बघून ठेव. उद्या फोटोत दोन्ही टेकूंखाली तिरक्या रेघा दिसल्या, चाकं कुठंच नसली, तर अज्ञात चार होतात. उभ्या रिॲक्शन अजूनही मोमेंटनं निघतील, कारण दोन्ही आडव्या रिॲक्शन बीमच्या अक्षावरच आहेत आणि त्यांचा मोमेंट शून्य. पण १७.३२ ची वाटणी ए आणि बी मधे कशी होते, हे या तीन समीकरणांतून कधीच कळणार नाही. त्यासाठी बीमचं ताणणं-दबणं मधे आणावं लागतं. मधे तिसरा टेकू आला तर उभ्या रिॲक्शनही अडतात. आपल्या पंचगंगेवरच्या जुन्या दगडी शिवाजी पुलाला तर हा हिशेब मुळीच लावू नकोस. कमान स्वतःच्या वजनानंही टेकूंना आडवी रेटते, तिथं रोलर बसवला तर कमान पसरून खाली येईल.

पुढचा फोटो काढशील तेव्हा वही पूर्ण उघडून सपाट कर, शिलाईवर हात दाबून धर, आणि मोबाइल बरोबर वरून, पानाला समांतर. दोन्ही टेकू, दोन्ही टोकं आणि खालचं एकूण माप चौकटीत आलं पाहिजे. आणि डी च्या वळलेल्या बाणाशेजारचा तो "m" मूळ वहीत पेनानं ठळक करून ठेव.